सोन्याच्या पेढीवरील ओळख आणि पावती

जुन्या काळीं महाराष्ट्रांतील घरांत सोनें येई तें बहुधा ओळखीच्या सोनाराकडून. घराण्याचा सोनार ठरलेला असे, त्याची चोपडी लाल बासनांत बांधलेली असे, आणि तींत आजोबांच्या लग्नापासूनचा हिशेब तोळा, मासा आणि गुंज या मापांनीं लिहिलेला सांपडे. गिऱ्हाइकास पावती मिळे ती म्हणजे कागदाचा एक चिटोरा. पुष्कळदां तोही नसे. विश्वास होता तोंवर चिटोऱ्याची गरज भासत नसे, आणि विश्वास सुटल्यावर त्या चिटोऱ्याचा उपयोग नसे. सोनें घेणाऱ्याचें नांव काय, त्यानें पैसा कोठून आणला, अथवा तो नाण्यांनीं देतो कीं हुंडीनें, हें विचारण्याचें सरकारला कारण वाटलें नव्हतें.

आज त्याच पेढीवर दोन लाखांची नोट मोजून घेण्यास सराफ तयार नसतो, पॅनचा क्रमांक मागतो आणि छापील पावतीवर वजन, शुद्धता व मजुरी वेगवेगळी मांडून देतो. हा पालट एका दिवसांत झाला नाहीं. त्यामागें सुमारें साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यांत सरकारनें विचारलें, तुझ्याजवळ सोनें किती? दुसऱ्यांत विचारलें, रोख पैसा कोणीं दिला? आणि तिसऱ्यांत विचारलें, हें सोनें खरोखर किती कसाचें? या तीन प्रश्नांपैकीं पहिला सोडून द्यावा लागला आणि पुढले दोन टिकले. असें कां झालें हें समजून घेण्याजोगें आहे.

पहिल्या टप्प्याचा आरंभ 1963 सालच्या जानेवारींत झाला. आदल्या वर्षाच्या अखेरीस चीनचें आक्रमण झालें होतें, आणीबाणी पुकारली गेली होती, आणि परकीय चलनाची टंचाई देशास जाणवत होती. सोन्याचा हव्यास कमी झाला तर चोरटी आयात आटेल, आणि आयातीपायीं बाहेर जाणारें धन वांचेल, असा त्या वेळचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा हिशेब होता. संरक्षण नियमांखालीं सुवर्णनियंत्रणाचे नियम निघाले. त्यांतील सर्वांत बोचलेला नियम असा, कीं यापुढें 14 कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवूं नये. चोवीस कॅरट म्हणजे निव्वळ सोनें. तेव्हां 14 कॅरटांत सोन्याचा भाग शेंकडा 58 हून थोडा अधिक, बाकी सारें तांबें आणि चांदी. बावीस कॅरटांच्या पिंवळ्याधमक पाटल्यांची सवय असलेल्या घरांना तें सोनें सोनेंच वाटेना. गिऱ्हाईक दुकानांत येईनासें झालें. हातोडी आणि फुंकणी यांवर पोट असलेले हजारों कारागीर निर्वाहावांचून उघडे पडले. कांहीं सोनारांनीं जीव दिल्याच्या बातम्या त्या काळच्या वृत्तपत्रांनीं छापल्या. अखेर 1966 सालीं चौदा कॅरटांची अट मागें घ्यावी लागली.

पण नियंत्रण गेलें नाहीं. तें कागदावर उतरलें. 1968 च्या सप्टेंबरपासून सुवर्ण नियंत्रण कायदा अमलांत आला. त्यानें व्यापाऱ्यास परवाना आणि सोनारास प्रमाणपत्र आवश्यक केलें. दुकानांत आलेला आणि गेलेला प्रत्येक ग्रॅम ठरावीक नमुन्याच्या नोंदवहींत चढवावयाचा, आणि अबकारी अधिकाऱ्यानें येऊन वही व तिजोरी ताडून पाहावयाची, अशी व्यवस्था ठरली. सामान्य माणसानें लगडी व चिपा जवळ बाळगूं नयेत असा दंडक झाला. दागिन्यांना मुभा होती. मात्र एका व्यक्तीजवळ 2000 ग्रॅमांहून अथवा एका कुटुंबाजवळ 4000 ग्रॅमांहून अधिक दागिने असल्यास त्यांचें विवरण सरकारला द्यावें लागे.

या कायद्याचें शंभरावें कलम आजच्या वाचकानें मुद्दाम लक्षांत घ्यावें, कारण ओळख पटविण्याचा प्रश्न प्रथम त्यांत उभा राहिला. सराफानें कोणाकडून सोनें घेण्यापूर्वीं त्या माणसाची ओळख पटवून घ्यावी, एवढें सांगून तें कलम थांबलें नव्हतें. पुढें चौकशी केली असतां तो माणूस सहज सांपडला नाहीं, अथवा नांव बनावट निघालें, तर सराफानें पुरेशी काळजी घेतली नाहीं असें गृहीत धरावें, असेंही त्यांत होतें. आतां पेढीवरचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. एक अनोळखी बाई मोडीसाठीं दोन बांगड्या घेऊन येते. सराफ तिचें नांव व गांव विचारून वहींत लिहितो; शेजारच्या दुकानदाराकडे विचारपूसही करतो. सहा महिन्यांनीं अधिकारी तिला शोधूं जातो आणि ती सांपडत नाहीं. त्या वेळीं तिनें सांगितलेलें खरें कीं खोटें, हें ताडून पाहण्याचें साधन सराफाच्या हातीं कोणतें होतें? छायाचित्राचें ओळखपत्र त्या काळीं बहुतेकांजवळ नव्हतें. हरकचंद रतनचंद बांठिया यांच्या खटल्यांत 1969 सालीं सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याच्या इतर कांहीं कलमांबरोबर हें शंभरावें कलमही घटनाबाह्य ठरविलें. व्यापारी आपल्याकडून वाजवी खबरदारी घेऊनही दोषी ठरावा, हें व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन होय, असा त्याचा मथितार्थ. ओळख पटविण्याची जबाबदारी टाकावयाची, तर ओळख पटविण्याचें साधनही हातीं द्यावें लागतें, हा धडा तेथें प्रथम मिळाला.

नियंत्रणाचा कायदा आणखी दोन दशकें चालला; पण त्यानें चोरटी आयात थांबली नाहीं. परदेशांतील भाव आणि मुंबईच्या बाजारांतील भाव यांत अंतर मोठें. त्या अंतरानेंच तस्करी पोसली गेली. जें सोनें रात्रीं किनाऱ्यावर उतरे, तें कोणत्याही नोंदवहींत चढत नसे. जें नोंदवहींत चढे, त्याच्या मालकाला मात्र अधिकाऱ्याचा जाच सोसावा लागे. अखेर 1990 सालच्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री मधु दंडवते यांनीं हा कायदा रद्द करण्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत तो गेला. दंडवते कोंकणांतील राजापूरचे खासदार होते. सोनें किती आहे हें विचारण्याचा सरकारचा मोठा प्रयोग अशा रीतीनें संपला.

यानंतरच्या वीस वर्षांत चिंतेचें ठिकाण बदललें. सोनें बाळगणें हा आतां गुन्हा नव्हता. पण कर चुकविलेला रोख पैसा ठेवण्यास सोन्यासारखी सोयीची जागा दुसरी नव्हती. घरासाठीं दस्त नोंदवावा लागतो, बँकेंत खातें उघडावें लागतें. सोन्याची लगडी मात्र नोटा मोजून घेतां येते आणि खिशांत घालून नेतां येते. म्हणून दुसरा प्रश्न पुढें आला, तो वजनाचा नसून रोकडीचा होता.

त्याचीं पावलें एकामागून एक पडलीं. 2011 च्या जुलैपासून एका वेळीं पांच लाख अथवा त्याहून अधिक किंमतीचें सोनें वा दागिने घेतांना पॅन सांगणें आवश्यक झालें. 2012 च्या जुलैपासून रोखीनें दोन लाखांवर लगडी अथवा पांच लाखांवर दागिने घेतले, तर सराफानें गिऱ्हाइकाकडून शेंकडा एक या दरानें कर गोळा करून सरकारांत भरावा, असें ठरलें. 2016 च्या जानेवारीपासून पॅनची मर्यादा पांचावरून दोन लाखांवर आली. पैसे चेकनें दिले असोत वा रोखीनें, दोन लाखांवरच्या खरेदीस तो क्रमांक हवाच, आणि ज्याला पॅन नाहीं त्यानें 60 क्रमांकाचा नमुना भरून द्यावा, अशी तरतूद झाली. त्याच वर्षीं 8 नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्या रात्रीं कित्येक शहरांतील सराफी दुकानांत उशिरापर्यंत गर्दी उसळली. रद्द होऊं घातलेल्या नोटांचें सोनें करून घेण्याची ती धडपड होती. रोकड आणि सोनें यांचें नातें किती जवळचें, हें त्या रात्रीनें साऱ्या देशास दाखविलें.

पुढच्या अंदाजपत्रकांत प्राप्तिकर कायद्यांत नवें कलम आलें. रोख घेण्याची मर्यादा प्रथम तीन लाख सुचविली होती. ती घटवून दोन लाख करण्यांत आली आणि 1 एप्रिल 2017 पासून लागू झाली. त्यामुळें दागिन्यांवरील शेंकडा एकचा जुना कर निरुपयोगी होऊन गेला. पुढें 1961 चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागीं 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून आणण्याचें ठरलें. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु दोन लाखांची ही मर्यादा नव्या कायद्यांतही राखली गेली.

या नियमाचे शब्द नीट पाहिले पाहिजेत, कारण चुका होतात त्या येथें. दोन लाख रुपये अथवा त्याहून अधिक रक्कम रोखीनें कोणींही घेऊं नये. म्हणजे दोन लाखांस एक रुपया कमी असला तरच रोख चालते. आणि ही रक्कम तीन रीतींनीं मोजली जाते: एका माणसाकडून एका दिवसांत, किंवा एका व्यवहारापोटीं, किंवा एकाच प्रसंगासंबंधीं. तिन्हींपैकीं एका मापानें जरी ती दोन लाखांस पोहोंचली, तरी नियम मोडला.

एक उदाहरण घेऊं. आंकडे मोजण्यास सोपे जावे म्हणून सोन्याचा भाव ग्रॅमास दहा हजार रुपये धरूं. एका गृहस्थाला मुलीच्या लग्नासाठीं 14 ग्रॅमांच्या दोन पाटल्या आणि 8 ग्रॅम निव्वळ सोन्याचें मंगळसूत्र घ्यावयाचें आहे. पाटल्यांचें सोनें 1,40,000 रुपयांचें; त्यावर शेंकडा आठ मजुरी 11,200; बेरीज 1,51,200; तीवर शेंकडा तीन वस्तु व सेवा कर 4,536; एकूण 1,55,736. मंगळसूत्राचें सोनें 80,000, मजुरी 6,400, कर 2,592, एकूण 88,992. दोन्ही मिळून 2,44,728 रुपये झाले.

गृहस्थाजवळ सारी रक्कम रोख आहे. शेतांतल्या उसाचे पैसे बँकेंतून काढून आणलेले. तो म्हणतो, दोन पावत्या करा. दोन्ही दोन लाखांच्या आंत आहेत. परंतु दोन्ही पावत्या एका दिवशीं झाल्या, तर एका दिवसाच्या मापानें बेरीज 2,44,728 होते. मग तो म्हणतो, आज 1,30,000 विसार घ्या, दागिना नेतांना उरलेले 1,14,728 देतों. येथें दिवस दोन झाले खरे, पण व्यवहार एकच राहिला. दुसऱ्या मापानें नियम मोडला. शेवटीं तो सुचवितो, पाटल्या या महिन्यांत घेऊं, मंगळसूत्र पुढल्या महिन्यांत. आतां दिवस निराळे, पावत्या निराळ्या. परंतु प्रसंग तोच, मुलीचें लग्न. तिसरें माप याचसाठीं ठेवलेलें आहे. तिन्ही वाटा बंद आहेत; उघडी आहे ती चौथी, आणि ती अगदीं सरळ आहे. त्यानें 1,90,000 रोख द्यावे आणि उरलेले 54,728 त्याच्या खात्यावरच्या रेखांकित चेकनें अथवा बँकेमार्फत पाठवावे. रोख भाग दोन लाखांच्या आंत राहिला कीं हा नियम पाळला गेला. मात्र एकूण पावती दोन लाखांवर गेल्यामुळें 2016 च्या पॅनच्या नियमांतून सुटका नाहीं. तो नियम पैसे कसे दिले हें न पाहतां खरेदीची एकूण किंमत पाहतो.

नियम मोडल्यास दंड कोणाला? येथें कायद्याची रचना मुद्दाम एका बाजूला झुकविलेली आहे. दंड रोख घेणाऱ्यास होतो, देणाऱ्यास नव्हे. आणि तो जेवढी रक्कम घेतली तेवढाच असूं शकतो. म्हणजे 2,44,728 रोख घेणाऱ्या सराफास तितकाच दंड भरण्याची पाळी येऊं शकते, आणि त्या व्यवहारांत त्याची कमाई तर थोड्या हजारांची. यामुळें गिऱ्हाइकाच्या आग्रहाला नाहीं म्हणण्यास सराफच सर्वांत उत्सुक राहतो. 1969 सालीं जें कलम रद्द झालें, त्याच्याशीं तुलना करावी. त्यांत सराफाकडून अशी गोष्ट मागितली होती जी त्याच्या हातीं नव्हती. यांत जी मागितली आहे ती, म्हणजे नोटा मोजणें आणि दोन लाखांवर थांबणें, सर्वस्वीं त्याच्या हातीं आहे. ग्राहकालाही सारी मोकळीक आहे असें मात्र समजूं नये. रोकड कोठून आली हें प्राप्तिकर खातें त्याला स्वतंत्रपणें विचारूं शकतें, आणि उसाच्या पट्टीचा कागद व बँकेंतून पैसे काढल्याची नोंद त्या वेळीं कामीं येते.

ओळखीच्या मर्यादेचा प्रश्न मात्र एकदां पुन्हा चुकला आणि सुधारला. 23 ऑगस्ट 2017 रोजीं केंद्र सरकारनें काळा पैसा पांढरा करण्यास आळा घालणाऱ्या कायद्याखालीं मोठ्या सराफांना आणलें. त्यामुळें पन्नास हजारांच्या खरेदीसही ग्राहकाचे ओळखीचे कागद घेण्याचें बंधन आलें. पन्नास हजारांत त्या काळीं जेमतेम दीड तोळा सोनें येई. म्हणजे साध्या अंगठी-साखळीच्या खरेदीलाही कागद दाखविण्याची वेळ आली. दसरा-दिवाळीच्या तोंडावर ग्राहक दुकानाच्या पायरीवरूनच परतूं लागले, आणि 6 ऑक्टोबर रोजीं सरकारनें तो आदेश मागें घेतला. पुढें 28 डिसेंबर 2020 च्या आदेशानें जी रेषा आंखली ती निराळी होती: एका ग्राहकाशीं, एकदम अथवा परस्परांशीं जोडलेल्या अनेक टप्प्यांत, दहा लाख अथवा त्याहून अधिक रोखीचा व्यवहार करणारा सराफच त्या कायद्याच्या कक्षेंत यावा. दोन लाखांखालील रोख खरेदीस नव्या ओळखपत्रांची सक्ती नाहीं, असा खुलासाही अर्थखात्यानें 2021 च्या जानेवारींत केला. मर्यादा खालीं आणली कीं गुन्हेगाराआधीं सामान्य ग्राहक सांपडतो, हा चौदा कॅरटांचा अनुभव येथें छोट्या रूपांत पुन्हा आला.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा. 16 जून 2021 पासून देशांतील 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा करण्यास आरंभ झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांची खूण नसलेला हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. अशा दागिन्यावर तीन चिन्हें असतात: भारतीय मानक संस्थेचें त्रिकोणी चिन्ह, 22 कॅरटांसाठीं 916 असा शुद्धतेचा आंकडा, आणि त्या एकाच नगाची सहा अक्षर-अंकी खूण. दोन पाटल्या म्हणजे दोन नग, आणि खुणाही दोन निराळ्या. ही खूण मानक संस्थेच्या मोबाइलवरील साधनांत घातली असतां नगाचा प्रकार, शुद्धता आणि तपासणी कोठें झाली हें दिसतें. दागिना पाटलीचा आणि उत्तर अंगठीचें आलें, तर खूण दुसऱ्याच नगाची आहे असें ओळखावें.

येथें पावतीला नवी किंमत आली. पूर्वींचा चिटोरा फक्त पैसे मिळाल्याचें सांगे. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर प्रत्येक नगाचें वर्णन, मौल्यवान धातूचें निव्वळ वजन, कॅरट व शुद्धता आणि हॉलमार्कचें शुल्क वेगळें लिहावयाचें असतें. निव्वळ वजन हा शब्द महत्त्वाचा आहे. मंगळसूत्र तराजूवर 11 ग्रॅम भरलें आणि त्यांत 3 ग्रॅम काळे मणी असले, तर सोन्याचा दर 8 ग्रॅमांनाच लागला पाहिजे. पावतीवर एकच वजन असेल, तर मणीही सोन्याच्या भावानें घेतले गेले कीं काय, हें ग्राहकास पुढें सिद्ध करतां येत नाहीं. शुद्धतेची गोष्टही तशीच. समजा, 916 लिहिलेल्या 14 ग्रॅमांच्या पाटल्या मानक संस्थेनें मान्य केलेल्या तपासणींत 896 च्या निघाल्या. हजारांत वीस भाग कमी, म्हणजे 0.28 ग्रॅम शुद्ध सोनें कमी पडलें. या तुटीच्या किंमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च विक्रेत्याकडून मागण्याची तरतूद मानक संस्थेच्या 2018 च्या नियमांत आहे. परंतु कोणत्या दुकानांतून, कोणत्या दिवशीं आणि किती शुद्धतेचें म्हणून घेतलें, हें दाखविणारा कागद जवळ नसेल, तर त्या तरतुदीचा आधार घेतां येत नाहीं. कर वांचवून देतों, पावती नको, असें जो म्हणतो तो ग्राहकाचे शेंकडा तीन वांचवितो आणि त्याचा हा सारा हक्क आपल्याजवळ ठेवून घेतो.

या कागदाचें आणखी एक काम आहे. प्राप्तिकराच्या झडतींत लग्न झालेल्या स्त्रीचे 500 ग्रॅमांपर्यंत, अविवाहित मुलीचे 250 ग्रॅमांपर्यंत आणि पुरुषाचे 100 ग्रॅमांपर्यंत दागिने जप्त करूं नयेत, अशी सूचना 1994 सालापासून अधिकाऱ्यांना दिलेली आहे. 2016 च्या डिसेंबरांत सरकारनें ती पुन्हा सांगितली, तेव्हां कित्येकांनीं तिचा उलटा अर्थ लावला, कीं यापुढें याहून अधिक सोनें ठेवतांच येणार नाहीं. तसें नाहीं. ती सोन्याची मर्यादा नसून जप्तीपासूनची सूट आहे. ज्याच्याजवळ खरेदीच्या पावत्या, वारसाचे कागद अथवा विवरणांत दाखविलेलें उत्पन्न आहे, त्याच्या सोन्याला वजनाची मर्यादा नाहीं. दोन हजार ग्रॅमांवर विवरण मागणारा 1968 चा कायदा आणि ही सूचना यांतला फरक हाच आहे: त्या काळीं सोन्याच्या वजनालाच जाब द्यावा लागे, आज तें कोणत्या पैशानें घेतलें याचा जाब द्यावा लागतो.

सोनाराच्या लाल बासनांतली चोपडी आतां बहुतेक पेढ्यांवर उरली नाहीं. तिच्यांत घराण्याची आठवण होती, पण ती सोनाराच्या ताब्यांत होती. पान फाडलें तर विचारणारा कोणी नव्हता. आजची पावती रुक्ष आहे, परंतु तिची एक प्रत ग्राहकाच्या हातीं येते. ती कपाटांतल्या दागिन्यांच्या डबींत, दागिन्याच्या शेजारीं ठेवावी. कारण मुलीच्या लग्नांत घेतलेल्या पाटल्या पुढें नातीच्या लग्नाच्या वेळीं मोडीस निघतात, आणि त्या दिवशीं निव्वळ वजन व 916 हा आंकडा सांगणारा साक्षीदार तोच एक कागद असतो.